पाळीपूर्व स्तनदुखी आणि स्तनातील गाठी

मासिक पाळीच्या आधी काही दिवस दोन्ही स्तन जड होणे, ठणकणे, हात लावला तरी दुखणे आणि पाळी सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत ते दुखणे ओसरणे, याला पाळीपूर्व किंवा चक्रीय स्तनदुखी म्हणतात. बायका ‘छाती भरून आलीय’ किंवा ‘ब्रा घट्ट होतेय’ असे सांगतात, आणि ते अचूक वर्णन आहे. पाळीआधीचे दोन-तीन दिवस असे होणे इतके सर्रास आढळते की त्याला आजार म्हणत नाहीत. दुखणे आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकू लागले, झोप मोडू लागली, मूल बिलगले तरी कळ येऊ लागली, तर उपचारांचा विचार करतात. तिशी-चाळिशीत हा त्रास जास्त जाणवतो आणि पाळी कायमची गेल्यावर बहुधा थांबतो.

यामागे अंडाशयातील दोन संप्रेरके आहेत. पाळीनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन वाढते आणि स्तनातील दूधनलिकांच्या पेशींना चालना देते. अंडे बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉनची भर पडते. त्याने दूध तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी फुगतात, आजूबाजूच्या ऊतीत रक्तपुरवठा आणि पाणी वाढते आणि स्तनाचे आकारमान खरोखरच थोडे वाढते. म्हणजे ब्रा घट्ट होते हा मनाचा खेळ नसतो. गर्भ राहिला नाही की दोन्ही संप्रेरके खाली येतात, वाढलेल्या पेशींतील काही मरतात, पाणी ओसरते. दर महिन्याला दुधाची तयारी होते आणि दर महिन्याला ती मोडली जाते. स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागात ग्रंथी सर्वांत दाट असतात, म्हणून दुखणे तिथे जास्त असते आणि काखेतून दंडापर्यंत जाते.

त्रास होणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या रक्तातील संप्रेरके तपासली तर ती सर्वसाधारण निघतात. फरक असतो तो ऊतींच्या संवेदनशीलतेत. त्यामुळे केवळ या दुखण्यासाठी ‘हार्मोनचे पूर्ण पॅकेज’ करून घेण्यात अर्थ नसतो. पाळी लांबली असेल तर मात्र आधी गर्भधारणेची चाचणी करावी, कारण गर्भ राहिल्यावरही सुरुवातीला असेच दुखते.

दुखणे चक्रीय आहे की नाही हे ओळखण्याचे साधन घरातच असते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री त्या दिवसाच्या दुखण्याला शून्य ते तीन असा आकडा द्यायचा आणि पाळीच्या दिवसांभोवती गोल करायचा. दोन-तीन महिन्यांत चित्र दिसते. गोलाच्या आधी आकडे चढत असतील आणि नंतर शून्यावर येत असतील, तर दुखणे चक्रीय आहे. एकाच बाजूला, एकाच ठिकाणी, महिनाभर सारखे दुखत असेल तर कारण वेगळे शोधावे लागते. पुष्कळदा ते स्तनात नसतेच. बरगडी आणि छातीच्या मधल्या हाडाच्या सांध्याला सूज असते, आणि तिथे बोटाने दाबले की नेमकी तीच कळ येते.

दुखण्याबरोबर स्तन गाठाळही लागतो. ओल्या हरभऱ्याच्या पिशवीवरून हात फिरवावा तसे बोटांना जाणवते. हे गाठाळपण दोन्हीकडे साधारण सारखे असते, त्याला कडा नसते आणि पाळी संपल्यावर ते मऊ होते. म्हणून स्तन चाचपून पाहायचे तर पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपास पाहावे. पाळीच्या तोंडावर चाचपले तर भीतीखेरीज फारसे काही हाती लागत नाही. या पसरलेल्या गाठाळपणाहून वेगळी, ‘ही इथे आहे’ असे बोट ठेवून दाखवता येणारी गाठ मात्र वेगळी गोष्ट आहे. सारा भेद इथून सुरू होतो.

अशा सुट्या गाठींमध्ये पस्तिशी ते पन्नाशीत वारंवार सापडणारी गाठ म्हणजे पाण्याची गाठ, म्हणजेच सिस्ट. वयाबरोबर ग्रंथी आक्रसू लागतात, एखाद्या ग्रंथीची वाट बंद होते आणि आत द्रव साठत जातो. काही मिलिमीटरच्या सिस्ट तर बोटांना लागतही नाहीत, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत दिसतात. मोठी सिस्ट गुळगुळीत, गोल आणि बोटाखाली सरकणारी असते. पाळीआधी ती ताणते, दुखते, आणि रातोरात उगवल्यासारखी वाटते. पण द्रवाने गच्च भरलेली सिस्ट दगडासारखी कडकही लागू शकते. म्हणून नुसत्या हाताने ‘ही पाण्याचीच’ असे अनुभवी डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाही. विशी-तिशीत जास्त दिसणारी फायब्रोअडिनोमा ही गाठ भरीव असते. ती रबरासारखी लागते, सहज निसटते आणि तीही कर्करोगाची नसते. तिचीही खात्री तपासणीनेच होते.

एक नमुना घेऊ. त्रेचाळीस वर्षांच्या एका बाईंना वर्षभर पाळीआधी आठ-दहा दिवस छाती दुखते. या महिन्यात आंघोळ करताना डाव्या स्तनात, वर बाहेरच्या बाजूला, सुमारे दोन सेंटीमीटरची दुखरी गाठ लागते. घरातल्या थोरल्या जाऊबाई म्हणतात, ‘दुखतेय ना, मग साधीच असणार, पाळी येऊन जाऊ दे.’ हा सल्ला दुखण्यापुरता ठीक आहे, गाठीला लागू होत नाही. विशीतल्या मुलीला नुसता अस्पष्ट गाठाळपणा असेल तर पुढची पाळी झाल्यावर पुन्हा तपासणे योग्य ठरते. चाळिशीत नवी, सुटी गाठ लागली तर वाट न पाहता दाखवायची असते.

डॉक्टर दोन्ही स्तन, दोन्ही काखा आणि गळ्याच्या हाडावरचा खड्डा तपासतात. वय चाळिशीपुढचे म्हणून मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी दोन्ही सांगतात. तिशीच्या आतल्या मुलीला बहुधा सोनोग्राफीच पहिली करतात, कारण तरुण स्तन दाट असतो आणि मॅमोग्राफीत सगळेच पांढरे दिसते. या बाईंच्या मॅमोग्राफीत स्वच्छ कडेचा गोल पांढरा ठिपका दिसतो. आत पाणी आहे की भरीव ऊती, हे मात्र त्या फिल्मवरून कळत नाही. ते सोनोग्राफी सांगते. पडद्यावर गाठ आतून पूर्ण काळी, भिंत पातळ आणि गाठीच्या मागचा भाग उजळ दिसला, तर ती साधी सिस्ट. द्रवातून ध्वनिलहरी अडथळ्याशिवाय पार जातात, त्यामुळे मागे उजेड पडतो. रिपोर्टवर ‘बाय-रॅड्स २’ असे येते. बाय-रॅड्स म्हणजे गाठ कितपत संशयास्पद आहे हे सांगणारी ठरलेली श्रेणी. त्याचा अर्थ निरुपद्रवी, आणखी काही करायला नको.

गाठ फार ठणकत असेल तर सुईने द्रव ओढून काढतात. दोन सेंटीमीटरच्या सिस्टमधून साधारण चार मिलिलिटर द्रव येतो, पिवळसर, हिरवट किंवा तपकिरी, आणि गाठ जागच्या जागी नाहीशी होते. असा द्रव तपासणीला पाठवण्याची गरज नसते. द्रव रक्ताळलेला निघाला, किंवा तो काढूनही काही गाठ उरली, तर पुढची तपासणी करावी लागते. काही आठवड्यांनी पुन्हा दाखवून सिस्ट भरली नाही ना, हे पाहतात. नवीन सिस्ट नंतर दुसरीकडे होऊ शकतात. त्या प्रत्येकीला नव्याने पाहायचे असते, आधीची साधी निघाली म्हणून ही पण साधीच, असे गृहीत धरायचे नसते.

सोनोग्राफीत गाठ एवढी स्वच्छ काळी नसेल तर वाट बदलते. आतल्या द्रवात नुसता गढूळपणा असेल तर बहुधा ‘बाय-रॅड्स ३’ देऊन सहा महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करतात. सिस्टच्या आत भरीव भाग असेल, भिंत जाड असेल किंवा गाठ वेड्यावाकड्या कडांची भरीव असेल, तर ‘बाय-रॅड्स ४’ किंवा ‘५’ येते आणि कोअर बायोप्सी करतात. त्यात जागा बधिर करून जाड सुईने गाठीचे बारीक तुकडे घेतात. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती आपल्याकडे खोलवर रुजली आहे आणि तिच्यापायी बायका महिनोन्‌महिने घालवतात. सुईच्या तपासणीमुळे आजार पसरून रुग्णाचे नुकसान होते, असे आढळलेले नाही. तपासणीआधीच गाठ कापून काढणे मात्र खरोखर तोट्याचे ठरते. तो कर्करोग निघाला तर पुढच्या शस्त्रक्रियेची आखणी बिघडते.

पुढील गोष्टी दिसल्या तर पाळीचा दिवस कोणता, हा प्रश्नच नसतो. कडक, आजूबाजूला चिकटलेली गाठ, त्वचेला पडलेली खळी किंवा संत्र्याच्या सालीसारखी जाड त्वचा, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यावर बरे न होणारी खपली, न दाबता एकाच छिद्रातून येणारे रक्ताळ पाणी, काखेतली गाठ, औषधाने न हटणारी लाली. पाळी कायमची गेल्यानंतर लागलेली कोणतीही नवी गाठही याच यादीत येते. कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही, त्यामुळे ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा सर्वांत महागात पडणारा समज. पण ‘दुखते म्हणजे कॅन्सर नाही’ हेही शंभर टक्के खरे नाही. गाठ नाही, तपासणीत काही नाही, नुसते चक्रीय दुखणे आहे, अशा स्त्रीमध्ये कर्करोग सापडण्याची शक्यता मात्र फार थोडी असते.

गर्भाशय काढलेल्या स्त्रियांबद्दल हे सहसा कोणी सांगत नाही. अंडाशये शाबूत असतील तर पाळी नसली तरी संप्रेरकांचे चक्र चालूच राहते आणि छाती महिन्याच्या महिन्याला दुखते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या अनेक स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढल्याचे २०१९ मध्ये चव्हाट्यावर आले. अशा बाईला ‘पाळीनंतर पाहू’ म्हणण्यात अर्थ नाही. तिने दुखण्याचे आकडे लिहिले तर तेच तिचे कॅलेंडर होते, आणि सुटी गाठ लागली तर थेट तपासणी.

चक्रीय दुखण्यावरचा पहिला उपचार म्हणजे नीट तपासून ‘गाठ नाही’ असे सांगणे. अनेकींना तेवढ्यानेच पुरते. नीट मापाची, खालून आधार देणारी ब्रा, दुखण्याच्या दिवसांत ती रात्रीही घालणे, डायक्लोफिनॅकचे जेल लावणे किंवा पॅरासिटामॉल, यांचा उपयोग होतो. इव्हिनिंग प्रिमरोझ तेलाच्या कॅप्सूल अजूनही भरपूर लिहून दिल्या जातात, पण चाचण्यांत त्या बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरलेल्या नाहीत. चहा-कॉफी सोडण्याचेही तसेच. हट्टी दुखण्यासाठी तज्ज्ञ काही महिने टॅमॉक्सिफेन हे स्तनात इस्ट्रोजेनला अडवणारे औषध कमी मात्रेत देतात. भारतात ऑर्मेलॉक्सिफेनही वापरतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी ‘सहेली’ आणि सरकारी दवाखान्यांत ‘छाया’ या नावांनी गर्भनिरोधक म्हणून ओळखली जाते. ती इस्ट्रोजेनला स्तनात काम करू देत नाही, म्हणून दुखणे कमी होते. तिने पाळी लांबते आणि कधी अंडाशयात सिस्ट होतात, त्यामुळे मूल हवे असलेल्या स्त्रीला ती देत नाहीत, आणि आरोग्यकेंद्रात सहज मिळते म्हणून छातीच्या दुखण्यावर आपणहून घेऊही नये.