३० चा नियम आला कुठून? झेड, टी आणि पी व्हॅल्यूच्या मागची गोष्ट

मी नागपुरात बीएस्सीच्या पोरापोरींना स्टॅट शिकवतो. मागच्या आठवड्यात त्यांना संत्र्याचं एक गणित दिलं. व्यापारी म्हणतो, माझ्या संत्र्याचं सरासरी वजन १५० ग्रॅम. आपण कळमन्याच्या बाजारातून त्याच्या ढिगातली ९ संत्री न निवडता, हाताला येतील तशी उचलली, सरासरी निघाली १४४ ग्रॅम आणि त्याच ९ संत्र्यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ९ ग्रॅम. ५ टक्के लेव्हलला व्यापाऱ्याचं म्हणणं नाकारायचं का?

टी = (१४४ − १५०) ÷ (९ ÷ √९) = −२

निम्म्या पोट्ट्यांनी झेड लावला, २ हे १.९६ पेक्षा मोठं म्हणून रिजेक्ट. बाकीच्यांनी टी लावला, ८ डिग्रीज ऑफ फ्रीडमला टेबलात २.३०६ येतं, म्हणून रिजेक्ट नाही. आकडेमोड तीच आणि उत्तर उलटं. मग विचारलं टी काहून लावला, तर सगळे एका सुरात, "सर, सॅम्पल ३० पेक्षा कमी आहे ना, कमी असलं की टी, जास्त असलं की झेड!" उत्तर बरोबर आलं, पण कारण अर्धवट आहे, आणि ते समजायला शंभरेक वर्षं मागं जावं लागतं.

विल्यम गॉसेट हा माणूस १८९९ ला डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत लागला. त्याला बार्लीचे, माल्टचे प्रयोग करावे लागायचे आणि एका सॅम्पलमध्ये निरीक्षणं असायची चार-पाचच. तेव्हाची पद्धत मोठ्या सॅम्पलसाठी होती, म्हणजे सॅम्पलमधून काढलेलं स्टँडर्ड डेव्हिएशन हेच सिग्मा, म्हणजे अख्ख्या पॉप्युलेशनचं खरं स्टँडर्ड डेव्हिएशन, समजून पुढं जायचं. हजार निरीक्षणं असली तर चालून जातं, पण चारच असली तर ते स्टँडर्ड डेव्हिएशन स्वतःच प्रत्येक सॅम्पलला इकडं-तिकडं उड्या मारतं, कधी खूप लहान येतं आणि मग फरक उगाच मोठा दिसतो. गॉसेटनं हे तपासायला ३००० कैद्यांच्या उंचीचे आणि बोटाच्या लांबीचे आकडे कार्डांवर लिहिले, कार्डं पिसली, चार-चारचे ७५० सॅम्पल केले आणि आपलं गणित त्यांच्याशी जुळवून पाहिलं, आणि तेही कॉम्प्युटर नसताना! १९०८ ला पेपर आला तो 'स्टुडंट' या टोपणनावानं, कारण कंपनी स्वतःच्या नावानं छापू देत नव्हती.

म्हणजे मूळ मुद्दा सिग्माचा आहे, ३० चा नाही. वरच्याच गणितात "पॉप्युलेशनचं स्टँडर्ड डेव्हिएशन ९" असं दिलं असतं आणि वजनं नॉर्मल धरली असती, तर ९ संत्र्यांनाही झेडच लागला असता. प्रश्न वाचताना ९ हा आकडा कोणाचा आहे ते आधी बघा, सॅम्पल किती ते नंतर.

मग ३० आलं कुठून? रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाच्या १९२५ च्या पुस्तकात टीचं टेबल १ ते ३० डिग्रीज ऑफ फ्रीडमपर्यंत जातं आणि त्याखाली थेट इन्फिनिटीची ओळ, जिथं १.९६ येतं. माझ्या मते ही सवय तिथंच रुजली. पण ३० ला कुठलीही भिंत नाही, तिथं टी २.०४२ आहे, ६० ला २.०००, हळूहळू १.९६ कडं सरकतो. सिग्मा माहीत नसतानाही मोठ्या सॅम्पलला झेड चालतो म्हणतात तो एवढ्याचसाठी, आणि तुमच्या सिलॅबसमध्ये तसं असेल तर पेपरात तसंच करा, फक्त हे अंदाजानं चाललंय हे लक्षात असू द्या.

आता पी व्हॅल्यू. आपल्या संत्र्यांना टीनं पी येतो साधारण ०.०८, चुकून झेड लावला तर ०.०४६. इथं पोरं लिहितात की "सरासरी १५० असण्याची शक्यता ८ टक्के". हे चूक आहे, आणि माझा सगळ्यात जास्त जीव इथंच तुटतो, कारण अख्खं गणित बरोबर करून शेवटच्या ओळीत मार्क जातात. पी काढताना आपण सरासरी १५० आहे असं आधीच धरलेलं असतं, मग त्याच्याच खरेपणाची शक्यता त्यातून कशी निघेल?

फिशरसाठी पी म्हणजे पुरावा नलच्या, म्हणजे तपासायला घेतलेल्या दाव्याच्या, किती विरोधात जातोय याचं माप होतं, २० त १ ही हद्द त्यानं सोयीची म्हणून धरली. अल्फा, म्हणजे आपली ५ टक्क्यांसारखी लेव्हल, आधी ठरवून रिजेक्ट करायचं की नाही हा निर्णय घ्यायची चौकट नेमन आणि एगॉन पिअर्सन यांची, १९३३ च्या पेपरातली. पुढं पाठ्यपुस्तकांनी दोन्ही एकत्र कालवलं आणि आपण तेच शिकतो, म्हणून हा गोंधळ.

पेपरात मी असं लिहायला सांगतो: "सरासरी खरंच १५० ग्रॅम असेल, तर ९ संत्र्यांच्या सॅम्पलमध्ये ६ ग्रॅमच्या फरकानं येतो तेवढा किंवा त्याहून टोकाचा टी दोन्ही बाजू मिळून १०० पैकी साधारण ८ वेळा नुसत्या योगायोगानं येईल. हे ५ पेक्षा जास्त आहे, म्हणून ५ टक्के लेव्हलला १५० चा दावा नाकारायला पुरेसा पुरावा नाही." दावा सिद्ध झाला असं मात्र लिहू नका, कारण याच ९ संत्र्यांवर १४० चा दावा तपासला तर टी १.३३ येतो आणि तोही नाकारता येत नाही.