कोनाने: मारलेले खडे नव्हे, उरलेल्या चाली

एका रविवारी भाच्याबरोबर सहा बाय सहाच्या पटावर कोनाने खेळत होतो. त्याने सात चालींत माझे नऊ खडे मारले. मी सात चालींत त्याचे सातच मारले, आणि तरी तो हरला. त्याने दोनदा खडे मोजले आणि विचारले, "मामा, माझे जास्त आहेत, मग मी कसा हरलो?" हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे. कोनानेला सरसकट 'हवाईचा चेकर्स' म्हटले जाते, आणि भाच्याची चूक त्या नावातूनच सुरू होते. चेकर्समध्ये समोरच्याच्या सोंगट्या संपवत जायचे असते. इथे चाली संपवायच्या असतात, आणि खडे मारणे हे त्याचे फक्त साधन आहे.

खेळ हवाई बेटांचा. पटाला पापामू म्हणतात. तो कधी लाकडी असतो, तर कधी सपाट खडकात खळगे कोरून केलेला. हवाई बेटावरच्या होनाउनाऊ इथे असा दगडी पट आजही पाहता येतो. काळे खडे ज्वालामुखीच्या बेसॉल्टचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या दगडाच्याच जातीचे, आणि पांढरे पोवळ्याचे. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीच्या वृत्तांतात 238 घरांच्या पटाची नोंद आहे. त्यात एका रांगेत 14 घरे, म्हणजे पट 14 बाय 17 चा. पटाचे ठरावीक माप नव्हतेच.

नियम थोडे आहेत. सगळा पट एकाआड एक काळ्या-पांढऱ्या खड्यांनी भरायचा. काळ्याने मधला किंवा कोपऱ्यातला आपला एक खडा उचलायचा, पांढऱ्याने त्याला लागून असलेला आपला एक. मग आळीपाळीने उड्या. आपला खडा शेजारच्या विरुद्ध रंगाच्या खड्यावरून पलीकडच्या रिकाम्या घरात जातो आणि मधला खडा उचलला जातो. उडी आडवी किंवा उभी, तिरकी कधीच नाही. एकाच चालीत त्याच खड्याने सरळ रेषेत पुढच्या उड्याही मारता येतात, पण वळता येत नाही आणि पुढची उडी मारलीच पाहिजे असेही नाही. ज्याला चाल उरली नाही तो हरला. प्रत्येक चालीत किमान एक खडा जातोच, त्यामुळे डाव कधीतरी संपणारच आणि बरोबरी होऊच शकत नाही.

आता मला या खेळातली सर्वात आवडणारी गोष्ट. उडी नेहमी दोन घरांची असते. पट बुद्धिबळासारखा दोन रंगांत पाहिला, तर ज्या रंगाच्या घरात खडा सुरुवातीला होता त्याच रंगाच्या घरात तो जन्मभर राहतो. काळे खडे काळ्या घरांत, पांढरे पांढऱ्या घरांत. काळा खडा पांढऱ्या घरावरून जातो, पण तिथे उतरत कधीच नाही. यातून दोन गोष्टी निघतात. मी काळा असेन आणि माझा खडा घर सोडून गेला, तर रिकामे झालेले घर काळे आहे. तिथे उतरू शकेल तो फक्त माझाच दुसरा खडा. याउलट मी मारलेला पांढरा खडा ज्या घरातून उचलला गेला, ते घर पांढरे आहे, आणि तिथे उतरू शकेल तो फक्त प्रतिस्पर्धी. म्हणजे प्रत्येक माराबरोबर मी समोरच्याचा खडा काढून घेतो आणि त्याच क्षणी त्याला उतरायला एक घर मोकळे करून देतो. आणि हे घर नेमके माझ्या पाठीमागे असते, मी ज्या दिशेने आलो त्या बाजूला.

हे कसे महागात पडते ते पटाच्या कडेच्या एका रांगेवर पाहू. कडेची रांग घेतली कारण तिथल्या खड्यावर कडेशी काटकोनात हल्ला होऊ शकत नाही, उडी मारणारा पटाबाहेर पडेल. तिच्या लगतची रांग रिकामी आहे असे धरू. ● काळा, ○ पांढरा, · रिकामे घर. डावे टोक म्हणजे पटाचा कोपरा.

● ○ · ○ ·

काळ्याला वाटते, इथे आपल्या दोन चाली आहेत. आधी एक उडी, मग दुसरी. पांढऱ्याची इथे एकही चाल नाही, त्यामुळे घाईही नाही. पण पहिली उडी मारून पाहा:

· · ● ○ ·

काळ्याच्या पाठीमागचे घर, जिथे मघाशी पांढरा होता, ते आता मोकळे आहे. समोरचा पांढरा त्याच घरात उडी मारून काळ्याला उचलतो. दोन चाली मोजल्या होत्या, मिळाली एक. काळ्याने दोन्ही पांढरे एकाच चालीत मारले तर धोका नाही, पण तीही चाल एकच. मारले दोन, मिळाली एक. माझ्या भाच्याने नेमके हेच केले होते. त्याने लांब उड्या मारल्या, खडे जमवले आणि प्रत्येक लांब उडीत दोन-दोन खडे एका चालीच्या भावात खर्ची घातले. लांब उडीचा उपयोग आहे, पण तेव्हाच जेव्हा तिच्या वाटेतला पांढरा खडा पुढे स्वतः चाल खेळू शकला असता.

आता त्याच कडेला वेगळी मांडणी बघा.

● ○ ● ○ ·

इथेही पाचच घरे आणि दोनच पांढरे. उजवीकडचा काळा टोकाच्या घरात उडी मारतो:

● ○ · · ●

उरलेल्या पांढऱ्याला जायला जागा नाही. त्याच्या एका बाजूला कोपऱ्यातला काळा आहे आणि त्याच्या पलीकडे पटच संपतो. दुसऱ्या बाजूला शेजारीच कोणी नाही. आणि पुढे गेलेल्या काळ्याने सोडलेले घर काळे आहे, म्हणून ते कोपऱ्यातल्या काळ्याच्याच कामाचे. तो हवे तेव्हा तिथे उडी मारेल. इथे दोन चाली खरोखर आहेत, आणि त्या कोणी हिरावून घेऊ शकत नाही. रांग अशीच भरलेली लांब असेल, ● ○ ● ○ ● ○ · अशी, तर तीन चाली. हिशेब एका ओळीचा आहे: पुढच्याने जावे, मागच्यासाठी घर सोडावे. पण सगळ्यात पुढचाच आधी हलतो, हे विसरायचे नाही.

मग दोघांत खरी झटापट कुठे होते? अशा जागी:

· ● ○ ·

इथे काळा उजवीकडे उडी मारू शकतो, पांढरा डावीकडे. जो आधी खेळेल त्याची एक चाल झाली, दुसऱ्याची गेली. ही चाल अजून कोणाचीच नाही, तिला वादातली चाल म्हणू. भरलेल्या रांगेतली चाल मात्र साठवलेली, हक्काची.

आता पूर्ण शेवट मोजू. पटाचे तुकडे पडले आहेत आणि एका तुकड्याचा दुसऱ्याशी संबंध उरलेला नाही. काळ्याकडे एका कडेला भरलेली रांग, म्हणजे दोन हक्काच्या चाली. पांढऱ्याकडे दुसऱ्या कडेला तशाच दोन. आणि मध्ये एक वादातली जागा. पाळी काळ्याची.

काळ्याने आपल्या रांगेतून चाल केली, तर पांढरा लगेच वादातली जागा घेतो. आता काळ्याकडे एक, पांढऱ्याकडे दोन आणि पाळी काळ्याची. काळा खेळतो, पांढरा खेळतो, काळ्याला चाल नाही. हरला. त्याऐवजी काळ्याने आधी वादातली जागा घेतली, तर दोन-दोन चाली उरतात आणि पाळी पांढऱ्याची. पांढरा, काळा, पांढरा, काळा, आणि पांढरा अडकला. तोच पट, तेच खडे, फक्त क्रम वेगळा. वादातल्या जागा दोन असत्या तर त्या एकमेकींना रद्द करतात: तू एक घे, मी दुसरी घेतो, हिशेब पुन्हा होता तिथे. म्हणून वादातल्या जागांत पाहायचे ते विषम आहेत की सम.

जॉन कॉन्वे, एल्विन बर्लेकॅम्प आणि रिचर्ड गाय यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा खेळांसाठी जे गणित उभे केले, त्यात हे सगळे आकड्यांत बसते. काळ्याच्या दोन हक्काच्या चाली म्हणजे +2, पांढऱ्याच्या दोन म्हणजे −2. वादातल्या जागेला त्यांनी संख्या न देता तारा (*) हे चिन्ह दिले. ती शून्यापेक्षा मोठीही नाही, लहानही नाही, शून्याबरोबरही नाही, पण दोन तारे मिळून शून्य होतात. तुकड्यांच्या किमती स्वतंत्रपणे काढायच्या आणि बेरीज करायची. मघाची · · ● ○ · ही स्थितीसुद्धा ताराच आहे. म्हणजे ज्या स्थितीची किंमत +1 होती, तिथून घाईने एक उडी मारून काळ्याने आपली हक्काची चाल वादात टाकली. काही तुकड्यांच्या किमती अपूर्णांकातही येतात: मी खेळलो तर शून्य उरते, तो खेळला तर माझी एक चाल उरते, अशा तुकड्याची किंमत अर्धा. असे दोन तुकडे मिळून बरोबर एक चाल होते. इथे वाचक थोडा थांबला तरी हरकत नाही, कागदावर दोन तुकडे मांडून खेळून पाहिले की ते पटते.

असे गणित दिसले की 'प्राचीन हवाईकरांना हा सिद्धांत ठाऊकच होता' असे कोणीतरी लिहितेच. आपल्याकडेही प्रत्येक जुन्या खेळाबद्दल असे दावे फिरतात. ते चूक आहेत आणि त्या माणसांना न्याय देणारेही नाहीत. चांगला खेळाडू कडेची रांग जपतो, कारण हजार डावांनी त्याला ते शिकवलेले असते. ते खरे ज्ञान आहे. पण चालीला किंमत देऊन किमतींची बेरीज सिद्ध करणे ही वेगळी गोष्ट आहे. ती केव्हा आणि कोणी केली याची नोंद आहे, आणि एकाचे श्रेय दुसऱ्याला देण्याची गरज नाही.

या बेरजेला मर्यादाही आहे. ती चालते ती पटाचे तुकडे सुटे झाल्यावर. सुरुवातीला सगळा पट एकसंध असतो आणि एका उडीचा परिणाम चारही दिशांना पोचतो. रॉबर्ट हर्न यांनी सिद्ध केले आहे की कितीही मोठ्या पटावर कोनानेत कोण जिंकेल हे ठरवण्याचा प्रश्न पी-स्पेस-कम्प्लीट या अत्यंत अवघड प्रश्नांच्या वर्गातला आहे. हा प्रश्न भरभर सोडवणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही, आणि तशी असेल अशी अपेक्षाही गणितज्ञांना नाही.

म्हणून डावाच्या मध्यात मी मोजत नाही, फक्त तपासतो. उडी मारण्याआधी मी पाहतो ते उतरण्याचे घर नाही, ज्या खड्यावरून जाणार त्याचे घर. ते रिकामे झाले की त्याच्यापासून दोन घरांवर, उभे किंवा आडवे, पांढरा खडा आहे का, आणि त्या दोघांच्या मध्ये माझा खडा येतो का? येत असेल तर ती उडी समोरच्याला एक चाल देते. पुढच्या रविवारी भाच्याने दुसऱ्याच चालीला बोट त्या घरावर ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही.