ड्रम चकचकीत, टब काळा

मे २०२१ मध्ये एक मेसेज गावभर फिरला होता. कांद्याच्या सालीवरची काळी पूड आणि फ्रिजच्या रबरावरचे काळे ठिपके म्हणजेच म्युकरमायकोसिसची ‘काळी बुरशी’, असं त्यात म्हटलं होतं. ते साफ चूक होतं. कांद्यावरची पूड ही अ‍ॅस्परजिलस नायजर नावाची वेगळीच बुरशी. म्युकरमायकोसिस घडवणाऱ्या बुरश्या तर मुळात काळ्या नसतातच. काळी पडते ती रक्तपुरवठा तुटून मेलेली ऊती. तरीही त्या नावाची धास्ती टिकून आहे, आणि वॉशिंग मशीनमधले काळे डाग पहिल्यांदा दिसले की ती पुन्हा वर येते. ते डाग रोगाचे नाहीत, पण धुतलेल्या टॉवेलला येणारा कुबट वास बहुतेक वेळा तिथूनच येतो.

आधी डाग कुठे असतात ते पाहू. फ्रंट लोड मशीनचं दार उघडून ड्रमच्या एखाद्या भोकाला मोबाइलचा टॉर्च चिकटवा आणि शेजारच्या भोकातून डोकवा. स्टीलच्या ड्रममागे बोटभर फट सोडून दुसरी, प्लास्टिकची भिंत दिसेल. हा बाहेरचा टब. पाणी खरं तर यातच भरतं. ड्रम ही नुसती फिरणारी चाळण. टब पॉलिप्रोपिलीनचा, म्हणजे बादलीच्या जातीच्या प्लास्टिकचा असतो. दोन-तीन वर्षं वापरलेल्या मशीनमध्ये मागच्या सपाट भिंतीवर, विशेषतः वरच्या अर्ध्या भागात, राखाडी साका आणि त्यावर काळपट ठिपके दिसणं अगदी नेहमीचं आहे.

एवढं साबणाचं पाणी रोज खेळत असताना ही भिंत घाण राहते कशी? याचं उत्तर फिरण्यात आहे.

सात किलोच्या मशीनचा ड्रम साधारण ४८ सेंटिमीटर व्यासाचा असतो. १२०० आरपीएमला त्याच्या कडेवरच्या थेंबावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ३८५ पट जोर येतो. त्यामुळे ड्रमला चिकटलेलं पाणी, साबण, तेलकट थर सगळं भोकांतून बाहेर फेकलं जातं आणि ड्रम प्रत्येक धुण्यानंतर आपोआप घासल्यासारखा निघतो. बाहेरचा टब मात्र जागचा हलत नाही. त्याच्यावर येऊन आदळलेल्या पाण्याला खाली उतरायला फक्त एकपट जोर, म्हणजे साधं गुरुत्वाकर्षण. मोठे थेंब ओघळतात, पातळ ओल तशीच राहते. ड्रमने झटकलेली घाण टबाच्या वाट्याला येते, ती अशी.

त्यातही एक बारकावा आहे. ड्रमची भोकं त्याच्या गोल भिंतीत असतात, म्हणून स्पिनच्या वेळी पाण्याचा मारा टबाच्या गोल भिंतीवर होतो आणि ती त्यातल्या त्यात धुतली जाते. मागच्या सपाट भिंतीवर असा थेट मारा होतच नाही. तिथे उडतात ते तुषार आणि फेस. धुताना टबात पाणी जेमतेम १२ ते १५ लिटर, म्हणजे ड्रमचा तळ बुडेल एवढंच असतं. फेस मात्र वरपर्यंत चढतो, आणि फेस म्हणजे नुसती हवा नव्हे. कपड्यांतून सुटलेलं तेल, त्वचेच्या पेशी, सुताचे तंतू त्याच्या बुडबुड्यांच्या भिंतींना धरून वर जातात. फेस विरतो, ओझं भिंतीवर राहतं. नंतर खळबळायला आलेल्या पाण्याला फेस नसतो, त्यामुळे ते तेवढ्या उंचीला नीट पोहोचतच नाही. म्हणूनच साबण जास्त घातला की टब जास्त स्वच्छ होण्याऐवजी जास्त काळा होतो.

आता या ओझ्याचं पुढे काय होतं? पॉलिप्रोपिलीन पाण्याला नको म्हणतं आणि तेलाला धरतं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम अंगावरच्या तेलातल्या मेदाम्लांशी जुळून मेणचट, न विरघळणारा साका करतं. फॅब्रिक सॉफ्टनर म्हणजेही धन विद्युतभार असलेले मेदासारखे रेणू. कपड्याला ते मऊ करतात, पण त्यांचा काही भाग टबावरही बसतो. या खरखरीत, खायला भरपूर असलेल्या थरावर आधी जिवाणू बसतात आणि स्वतःभोवती शर्करांचा बुळबुळीत लेप बनवतात. हीच बायोफिल्म. वासाचा मोठा वाटा जिवाणूंचा. ओल्या कपड्यांचा कुबट वास मोराक्सेला ओस्लोएन्सिस या जिवाणूशी जोडला गेला आहे. बुरशी मागून येते. तिचा काळा रंग मेलॅनिनचा, म्हणजे आपल्या केसांना काळं करणाऱ्या द्रव्याच्याच कुळातला. हे मेलॅनिन पेशीला उष्णता आणि ऑक्सिडीकरण यांपासून आडोसा देतं. डिशवॉशर आणि वॉशिंग मशीनमध्ये टिकणाऱ्या एक्सोफियालासारख्या काळ्या यीस्टना त्याचाच आधार असतो. काळा ठिपका बहुधा थराचा सर्वांत चिवट भाग असतो, तो यामुळे.

प्रत्येक काळा डाग मात्र बुरशीचा नसतो. कान साफ करायच्या कापूसकाडीने दाराच्या रबराच्या घडीतून किंवा टबाच्या ओठावरून थोडा डाग उचला, पांढऱ्या कागदावर पुसा आणि त्यावर घरगुती ब्लीचचा एक थेंब टाका. पाच-दहा मिनिटांत रंग उडाला तर तो जैविक. उडाला नाही आणि कागदावर तेलाची पारदर्शक कड पसरली तर ते ग्रीस. ग्रीसचे डाग मागच्या भिंतीच्या मधोमध सुरू होऊन बाहेर फाकतात, आणि स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाजही येऊ लागतो. याचा अर्थ ऑइल सील गेलं आणि बेअरिंग जाण्याच्या वाटेवर आहे. तिथे कोणतीही पावडर उपयोगाची नाही.

बुरशीच असेल तर दोन वेगळी कामं करायची असतात: थर जाळून सुटा करायचा, आणि खालचे क्षार विरघळवायचे. इथेच बहुतेक घोळ होतो. सर्व्हिसवाले देतात ती डिस्केलिंग पावडर बहुधा सायट्रिक अ‍ॅसिडसारख्या आम्लाची असते. ती क्षार काढते, पण मेदाच्या थराला फारसा धक्का लावत नाही. आणि व्हिडिओंमधला खाण्याचा सोडा व व्हिनेगर? एका कपातल्या, म्हणजे २०० मिली व्हिनेगरात अ‍ॅसिड साधारण १० ग्रॅम. १४ ग्रॅम सोडा, एक मोठा चमचा, त्याला पूर्ण मारून टाकतो. उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. फसफसलं ते दोघांच्या एकमेकांना निकामी करण्याचं फसफसणं होतं.

थर जाळायला सोडियम परकार्बोनेट हवं. किराणा दुकानात सहसा मिळत नाही, ऑनलाइन किंवा ‘ऑक्सिजन ब्लीच’ म्हणून मिळतं. डबीवरचे घटक वाचून घ्या. पाण्यात पडताच ते सोडा अ‍ॅश ही अल्कली आणि हायड्रोजन पेरॉक्साइड देतं. अल्कलीमुळे मेद सुटतं, पेरॉक्साइडमुळे बायोफिल्म तुटते. पण ही क्रिया थंड पाण्यात इतकी रेंगाळते की करून न केल्यासारखी. ६० अंश हवेत.

फ्रंट लोडसाठी क्रम असा. प्लग काढा, खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून आधी बारीक नळीने साचलेलं पाणी ताटलीत काढा, मग फिल्टर फिरवून साफ करा. हे आधीच केलं नाही, तर सुटलेले पापुद्रे पंपात अडकतात. दाराच्या रबराची घडी उलटून पुसा. मग रिकाम्या ड्रममध्ये थेट १०० ते १५० ग्रॅम परकार्बोनेट टाकून ६० अंशांचा कॉटन प्रोग्रॅम, प्रीवॉश न घेता, किंवा टब क्लीन लावा. टब क्लीन असेल तर तोच घ्या, कारण अनेक मशीनमध्ये त्यात ड्रम मध्येच जोरात फिरतो आणि ज्या वरच्या भिंतीपर्यंत पाणी पोहोचत नाही तिथे ते उडवतो. पाणी गरम झाल्यावर तासभर पॉज करून भिजू द्यायला हरकत नाही. रात्रभर मात्र नको. ड्रमला मागून धरणारा तीन पायांचा स्पायडर बहुतेक मशीनमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि अल्कलीत तो झिजतो. शेवटी एक जादा रिन्स द्या आणि फिल्टर पुन्हा उघडा.

पहिल्या खेपेनंतर राखाडी-काळे पापुद्रे फिल्टरमध्ये आणि पुढच्या दोन धुण्यांत कपड्यांवर आले, तर घाबरू नका. थर सुटतो आहे. आठवड्याने पुन्हा, गरज पडली तर तिसऱ्यांदा. क्षारांसाठी १०० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड वेगळ्या दिवशी, ४० अंशांना. फार गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेटच साका होऊन बसतं. अ‍ॅसिड आणि क्लोरीनचं ब्लीच एकत्र कधीही नको, क्लोरीन वायू निघतो.

टॉप लोडची अडचण उलटी आणि सोयही उलटी. पाणी बहुधा गार असतं, पण टब काठोकाठ भरता येतो, म्हणजे सगळी भिंत बुडते. सर्वांत वरची पातळी निवडून गिझरच्या गरम पाण्याच्या दोन-तीन बादल्या आधी ओता आणि २०० ते ३०० ग्रॅम परकार्बोनेट घाला. दहा मिनिटं फिरवून दोन तास भिजत ठेवा. तळाच्या फिरत्या चकतीचा, म्हणजे पल्सेटरचा, मधला स्क्रू काढून ती चकती उचलली, तर खालचा मळ हातानेही काढता येतो.

पुढे थर पुन्हा बसू नये, तर साबण निम्मा करून पाहा, सॉफ्टनर बंद करा आणि दोन-तीन आठवड्यांतून एकदा टॉवेल-चादरी ६० अंशांना धुवा. दार उघडं ठेवा हा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबर आहे, पण जुलैत कोकणात किंवा मुंबईत बाहेरचीच हवा इतकी ओली असते की उघड्या दाराने टब वाळत नाही. त्या दिवसांत शेवटी एक जादा स्पिन आणि रबर पुसणं याचा उपयोग जास्त. मशीनवर घातलेलं ते फुलाफुलांचं प्लास्टिकचं कव्हर तर पावसाळ्यात काढूनच ठेवा; आतली वाफ कोंडण्यापलीकडे ते काही करत नाही.

तीन खेपांनंतरही पंधरा दिवसांत वास परत आला, तर साका बहुधा स्पायडरच्या मागच्या खोबणीत घट्ट बसलेला असतो, आणि मशीन उघडावंच लागतं. आधी मेकॅनिकला विचारा, तुमच्या मॉडेलचा टब स्क्रूंनी जोडलेला आहे की वितळवून. हल्लीच्या अनेक फ्रंट लोडमध्ये टबाचे दोन अर्धे कायमचे जोडलेले असतात. असा टब ‘उघडून धुऊन देतो’ म्हणणारा माणूस एक तर तो कापणार आहे, किंवा फिल्टर साफ करून बिल लावणार आहे.