केस पिकवणे (नाटकातील तात्पुरता रंग)

नाटकातील म्हाताऱ्याच्या भूमिकेसाठी काळे केस काही तासांपुरते पांढरे करणे, याला केस पिकवणे म्हणतात. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत दिवाळीपासून होळीपर्यंत मंडईच्या जत्रा आणि शंकरपटाच्या बैलशर्यतींच्या निमित्ताने रात्रभर नाटके चालतात. शाळांची गॅदरिंगेही त्याच थंडीत होतात, त्यामुळे ही गरज गावोगाव पडते. विगचे भाडे सगळ्यांना परवडत नाही, आणि मुलांच्या डोक्यावर विग नीट बसतही नाही.

केस काळे करणारा कायमचा डाय केसाच्या आत शिरतो. तात्पुरता रंग मात्र केसाच्या सालीवर नुसता बसतो, म्हणून तो निघतो. सर्वात जुना उपाय म्हणजे अंगाला लावायची टाल्कम पावडर. ती कोरड्या केसांवर पांढरी दिसते, पण दुसऱ्या अंकापर्यंत घाम सुटला की म्हातारा पुन्हा तरुण होतो. पावडर सगळी झडलेली नसते, ती दिसेनाशी होते. भज्यांच्या कागदावर तेल पडले की तो जसा आरपार दिसू लागतो, तसेच इथे घडते. टाल्कचे कण आणि तेल प्रकाश जवळपास सारखाच वळवतात, त्यामुळे पांढरेपणा हरवतो. पाण्यानेही तो फिका पडतो. झिंक ऑक्साइड प्रकाश कितीतरी जास्त वळवते, म्हणून ते तेलातही पांढरेच राहते. रंगभूषेचा भरवशाचा पांढरा तोच.

हे झिंक ऑक्साइड मेडिकलमधून घ्यावे. हार्डवेअरच्या दुकानात ‘सफेदा’ म्हणून मिळणारी भुकटी भिंतीची आणि दाराची. जुन्या सफेद्यात शिसेही असे. ती डोक्याला लावू नये.

एक उदाहरण घेऊ. गाडगेबाबांची पुण्यतिथी 20 डिसेंबरला, म्हणजे ऐन गॅदरिंगच्या दिवसांत येते. त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा, त्यामुळे वऱ्हाडातल्या शाळेत ही भूमिका ठरलेलीच. सातवीच्या मुलासाठी एक चहाचा चमचा झिंक ऑक्साइड पुरते. त्यात ग्लिसरीन थेंब थेंब घालून खायच्या चुन्याइतपत दाट मळावे. थोडे आदल्या दिवशी कानामागे लावून पाहावे. खाज किंवा लाली आली तर बेत सोडून द्यावा. केस कोरडे आणि बिनतेलाचे हवेत. जुन्या टूथब्रशने आधी कानशिलांवर, मग दाढी-मिशीच्या जागी चिकटवलेल्या केसांवर आणि शेवटी कपाळावरच्या बटांवर ओढ द्यावी. मधे मधे काळे राहू द्यावे. सगळे डोके माखले तर बाबा नव्हे, पिठाच्या गिरणीतला माणूस दिसतो. डोक्यावर खापर पालथे घालायचे असेल तर टाळू रंगवण्यात अर्थ नाही.

ग्लिसरीन पाण्यात विरघळते, हा त्याचा मोठा फायदा. अनेक ठिकाणी त्याऐवजी खोबरेल वापरतात. ते चोवीस अंशांच्या खाली थिजू लागते, आणि डिसेंबरच्या पहाटे थंड पाण्याने धुतले तर पांढरा लेप केसाला आणखी घट्ट धरतो. त्यात बोअरिंगचे जड पाणी आणि अंगाचा साबण आला की साबणाचा न विरघळणारा चिकट साका तयार होतो, तो रंगावर बसतो. ‘तीनदा धुतले तरी जात नाही’ ही तक्रार बहुधा इथूनच येते.

खोबरेलातला रंग असा काढावा. दोन चमचे खोबरेल कोमट करून कोरड्याच केसांत चोळावे, दहा मिनिटांनी जुन्या सुती लुगड्याच्या फडक्याने बट बट पुसावी. फडके पांढरे होत जाते. मग पाणी न घेता थेट तेलकट केसांवर शाम्पू चोळावा, थोडे कोमट पाणी घालून फेस काढावा आणि धुवावे. हे दोनदा करावे. ग्लिसरीनच्या लेपाला तेलाची पायरी लागत नाही, कोमट पाणी आणि शाम्पू पुरतो. नुसती पावडर असेल तर आधी नाकाला रुमाल बांधून बाहेर अंगणात विंचरून झाडावी.

डब्यातला फवारणीचा रंग वेगळा: त्यात केसाला चिकटणारी राळ असते. धुण्याआधी कोरडे विंचरले तर केस तुटतात, म्हणून आधी ओले करून शाम्पू लावावा. मारताना डोळे मिटावेत, जवळ दिवा किंवा बिडी नको. हा फवारा पेट घेतो.

रंग गेला की नाही, हे ओल्या केसांवरून ठरवू नये. पाण्यात पांढरेपणा फिका पडतो, त्यामुळे न्हाणीत डोके स्वच्छ वाटते आणि उन्हात वाळले की कानामागे, मानेवर पुन्हा पांढरी धूळ दिसते. केस पूर्ण वाळल्यावर त्या दोन जागी काळे कापड घासून पाहावे. कापडावर पांढरी रेघ उमटली तर शाम्पू पुन्हा एकदा.