चौकशीतली मुलाखत आणि धीर देणारं बोलणं: लहान मुलाशी बोलताना या दोहोंत गल्लत का होते

शाळेत एका मुलाला त्रास दिला जातोय अशी तक्रार येते. चौकशीचं काम ज्यांच्याकडे आहे त्यांना त्या मुलाशी आणि ज्या मुलांनी ते पाहिलं त्यांच्याशी बोलायचं असतं. मूल पाच ते आठ वर्षांचं असेल, तर आपोआप आवाज हळू होतो, आपण त्याच्या उंचीला येऊन बसतो, प्रेमाने विचारतो. बाहेरून बघणाऱ्याला हे धीर देण्यासारखंच दिसतं, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

धीर देताना मोठं माणूस मुलाला शब्द पुरवतं. "तुला भीती वाटली असेल ना?", "तो फार वाईट वागला", "आता तो काही करणार नाही." मन हलकं करायला याची गरज असते. चौकशीत मात्र घटनेबद्दलचा प्रत्येक शब्द मुलाकडून यायला हवा. इतकं लहान मूल मोठ्यांना खरं काय ते माहीत आहे असं धरून चालतं. आपण "त्याने तुला ढकललं का?" म्हटलं की ते "हो" म्हणू शकतं. ते "हो" आठवणीतून आलं की आपल्याला बरं वाटावं म्हणून, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. त्यात ज्या मुलाला खरंच त्रास झाला त्याचं नुकसान सर्वांत जास्त होतं, कारण त्याचं खरं बोलणंही "तुम्हीच त्याच्या तोंडात घातलंत" या एका आक्षेपाने कमकुवत होतं.

दुसरीतल्या एका मुलीचं उदाहरण घेऊ. तक्रार एवढीच आहे की मोठ्या वर्गातला एक मुलगा तिला जिन्यात अडवतो. सुरुवातीची काही मिनिटं तक्रारीचा विषयच काढायचा नाही. तिला आवडणाऱ्या एखाद्या खेळाबद्दल "पहिल्यापासून शेवटपर्यंत सांग" म्हणायचं, म्हणजे सलग सांगायची सवय होते आणि ती किती बोलते याचा आपल्याला अंदाज येतो. नंतर तीन गोष्टी साध्या शब्दांत सांगायच्या: माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हण, माझं काही चुकलं तर मला सांग, आणि खरंच घडलं तेवढंच सांग. दुसरा नियम लगेच करून बघावा. "तू पाचवीत आहेस ना?" असं मुद्दाम चुकीचं विचारायचं. "नाही, दुसरीत" असं ती म्हणाली की तिला मोठ्यांची चूक दाखवता येते हे कळतं. ती गप्प राहिली, तर पुढे तिच्या प्रत्येक "हो"कडे जास्त सावधपणे बघावं लागेल.

मग विषयाकडे: "शाळेत काहीतरी झालं असं मला कळलंय. काय झालं ते सगळं सांग." ती म्हणते, "त्याने माझी रंगपेटी घेतली आणि सगळे हसले." इथे "अरेरे!" तोंडावर येतं. ते गिळून तिचेच शब्द परत द्यायचे: "रंगपेटी घेतली म्हणालीस. त्याबद्दल अजून सांग." आणि थांबायचं. आठ-दहा सेकंदांची शांतता मोठ्यांना जड जाते, मुलाला ती आठवायला लागते. ती म्हणते, "मी जिन्यात होते, तो वरून आला आणि मला असं केलं," आणि हाताने स्वतःचा खांदा मागे ढकलल्यासारखा दाखवते. टिपणात "मुलाने ढकललं" लिहायचं नाही. "'मला असं केलं' म्हणाली, हाताने स्वतःचा खांदा मागे लोटून दाखवला" असं लिहायचं, आणि त्याआधीचा आपला प्रश्नही शब्दशः लिहायचा. प्रश्नाशिवाय नुसत्या उत्तराला चौकशीत फारशी किंमत नाही.

"सगळे म्हणजे कोण कोण होतं?" हा प्रश्न चालतो, कारण "सगळे" हा तिचा शब्द आहे. "किती वेळा झालं?" हा मात्र फसवा प्रश्न. या वयाची मुलं "शंभर वेळा" सहज म्हणतात, आणि तो आकडा अहवालात गेला की पुढे अडचण होते. "एकदाच झालं की जास्त वेळा?" एवढंच विचारावं. जास्त वेळा झालं असेल, तर "शेवटच्या वेळचं सांग", मग "तुला सगळ्यात जास्त आठवतं त्या वेळचं सांग", असं एकेक प्रसंग सुटा करत जावं. किती वाजता झालं तेही विचारू नये. मधल्या सुट्टीच्या आधी की नंतर, हे मुलाला सांगता येतं.

मूल रडू लागलं तर धीर द्यायचाच, त्यात काही चूक नाही. फक्त धीर त्या क्षणाच्या त्रासाला द्यावा, उत्तराला नाही. "पाणी हवंय का? थोडं थांबू या" हे ठीक. "शाब्बास, बरं झालं त्याचं नाव सांगितलंस" हे नाही, कारण कोणत्या उत्तराला कौतुक मिळतं हे मूल तेवढ्यात शिकतं. तोच प्रश्न पुन्हा विचारणंही टाळावं. मुलाला वाटतं, आपलं पहिलं उत्तर चुकलं, आणि ते उत्तर बदलतं. "हे मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन तर कधीच देऊ नये. ते पाळता येणार नाही, आणि मोडल्यावर मूल पुढे बोलणार नाही.

फक्त पाहिलेल्या मुलाच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी. त्याला आपण चुगली करतोय असं वाटत असतं, म्हणून सुरुवातीलाच सांगावं की जे जवळपास होते त्या सगळ्यांशी बोलणं चालू आहे. आणि त्याने स्वतः पाहिलं की वर्गात ऐकलं, हे "तुला हे कसं कळलं?" या प्रश्नाने उलगडतं. "मग तू त्याला थांबवलं का नाहीस?" हा प्रश्न कुठल्याही सुरात विचारला तरी आरोपच ठरतो. मुलांना एकेकटं बोलवावं, आणि वाट बघताना एकत्र बसवू नये.

सोबतीला बसणाऱ्या मोठ्या व्यक्तीबाबतीतही हीच गल्लत होते. ती मुलाच्या ओळखीची असावी, पण त्या घटनेची साक्षीदार नसावी, आणि त्या वेळी जिन्यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी तिची नसावी. तिने मुलाच्या बाजूला, किंचित मागे बसावं, म्हणजे प्रत्येक उत्तरानंतर मूल तिचा चेहरा वाचणार नाही. तिला आधीच सांगून ठेवावं: मान हलवायची नाही, "सांग ना, मला सांगितलंस तसं" म्हणायचं नाही, आणि मूल दमलंय असं वाटलं तर आपल्याला खूण करायची. पालक सोबत असतील तर हे जास्त स्पष्टपणे सांगावं लागतं, कारण गप्प बसणं त्यांना सर्वांत कठीण जातं. प्रश्न एकानेच विचारायचे. टिपणं घ्यायला तिसरी व्यक्ती नसेल, तर विचारणाऱ्यानेच सावकाश लिहावं आणि "तू सांगतेस ते विसरू नये म्हणून लिहितोय" असं मुलाला सांगावं.

एवढ्या लहान मुलाला वीस मिनिटं पुरेत. बोलण्यात गंभीर मारहाण किंवा लैंगिक स्वरूपाचं काही आलं, तर तपशील खोदू नये. जेवढं ते म्हणालं तेवढं शब्दशः लिहून शाळेची चौकशी तिथेच थांबवावी आणि बालसंरक्षणाच्या अधिकृत यंत्रणेला त्याच दिवशी कळवावं.

शेवटी "तुला मला काही विचारायचंय का?" असं विचारावं, पुढे काय होणार ते दोन वाक्यांत सांगावं आणि एखाद्या हलक्या विषयावर बोलणं संपवावं. धीर देणारं बोलणं नंतर, शक्यतो वेगळ्या व्यक्तीने करावं, आणि त्यात घटनेबद्दल नवे प्रश्न नसावेत. मुलाने आपणहून काही वाढवून सांगितलं, तर ऐकून घ्यावं आणि त्याचे शब्द, तारीख, वेळ आणि ते कुणापाशी बोललं हे लिहून चौकशी करणाऱ्याकडे द्यावं.