सारांश वेगळा, स्टोरी बायबल वेगळं: एका कादंबरीकाराची हरवलेली नावं

वसुधा ही या लेखापुरती कल्पलेली कादंबरीकार. तिची अडचण मात्र एआयच्या मदतीने दीर्घ लेखन करणाऱ्या कुणालाही येऊ शकते. तिची कादंबरी लालबागमधल्या एका गिरणी कामगार कुटुंबाची आहे आणि १९८२च्या संपाभोवती फिरते. पांडुरंग तावडे साचेखात्यात कामाला, बायको सुलोचना, मुलगा दिगंबर, आणि खालच्या मजल्यावर खाणावळ चालवणाऱ्या इंदूआत्या. प्रसंगांचे कच्चे खर्डे ती एआय चॅटकडून करून घ्यायची, आणि मग त्यातलं एकेक वाक्य स्वतः नव्याने लिहायची. चौदा प्रकरणं एकाच चॅटमध्ये झाली. ती चॅट इतकी लांबली की रखडायला लागली, म्हणून पंधराव्या प्रकरणासाठी तिने नवी उघडली.

खर्डा सफाईदार आला, पण खाणावळवाल्या बाईचं नाव झालं शांताबाई आणि पांडुरंगची बायको झाली लक्ष्मी. पांडुरंग दुसरी पाळी संपवून घरी येत होता. संप तर १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेला, आणि हे प्रकरण त्याच वर्षीच्या पावसाळ्यातलं!

असं होण्याचं कारण साधं आहे. एआय चॅटमागचं भाषेचं मॉडेल उत्तर देताना फक्त समोर ठेवलेला मजकूर वाचतं. जुनी चॅट वसुधाच्या खात्यात जशीच्या तशी होती, वर सरकवून ती वाचूही शकत होती, पण नव्या चॅटपुढे तिच्यातली एक ओळही नव्हती. नाव दिलेलं नसलं की मॉडेल थांबत नाही. त्या काळातल्या, त्या वस्तीतल्या बाईला शोभेल असं नाव ते घालतं. म्हणूनच ही चूक नजरेतून सुटते. शांताबाई हे नाव तिथे अजिबात विजोड वाटत नाही. काही साधनं एका चॅटमधल्या मोजक्या गोष्टी दुसऱ्या चॅटसाठी जपून ठेवतात, पण काय जपायचं याची निवड बरेचदा साधनच करतं. कादंबरी त्या भरवशावर सोडू नये.

वसुधाने पहिला उपाय केला तो बहुतेक जण करतात तोच. जुन्या चॅटमध्ये परत जाऊन तिने चौदा प्रकरणांचा सारांश करून घेतला आणि नव्या चॅटच्या सुरुवातीला चिकटवला. मुख्य नावं परत आली. आपण स्टोरी बायबल, म्हणजे कादंबरीतल्या ठरलेल्या गोष्टींची पक्की नोंदवही केली, असं तिला वाटलं. गल्लत होते ती इथेच, कारण दोन्ही मजकूर वरवर सारखे दिसतात. पानभर माहिती, कादंबरीबद्दलची, चॅटच्या डोक्यावर चिकटवलेली. पण सारांश काय घडलं ते सांगतो आणि बायबल काय ठरलं ते सांगतं. हा फरक तिला तीन ठिकाणी नडला.

पहिलं ठिकाण पांडुरंगचा डावा हात. तिसऱ्या प्रकरणात त्या हाताची दोन बोटं साच्यात सापडून गेली होती. सारांशात ‘पांडुरंगला गिरणीत अपघात होतो आणि भरपाई मिळत नाही’ एवढंच उरलं. कथानकाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, कारण पुढचा संघर्ष भरपाईचा आहे, बोटांचा नाही. पण सतराव्या प्रकरणात गणपतीच्या भजनाला पांडुरंग दोन्ही हातांनी रंगून पखवाज वाजवायला बसला. सारांश करताना घटना टिकतात आणि अंगावरच्या खुणा, सवयी, दुय्यम पात्रांची नावं आधी गळतात. पुढे वाढत्या प्रकरणांसह त्याच सारांशाचा पुन्हा सारांश केला, की उरलेल्यातलंही आणखी गळतं.

दुसरं ठिकाण अधिक फसवं होतं. बाराव्या प्रकरणाच्या वेळी दिगंबरला भिवंडीच्या यंत्रमागांवर कामाला पाठवायचं, असा विचार वसुधाने केला होता. त्याचा खर्डाही झाला. तिला तो रुचला नाही, तिने तो टाकून दिला आणि दिगंबरला लालबागमध्येच ठेवलं. पण जुन्या चॅटमध्ये दोन्ही खर्डे होते, आणि टाकलेला जास्त लांब होता. सारांशात दिगंबर भिवंडीला गेला! चॅट म्हणजे केलेल्या चर्चेची नोंद. तिच्यात नाकारलेल्या शक्यता, अर्धवट सोडलेली वळणं, गंमत म्हणून विचारलेलं ‘असं झालं तर?’, सगळंच असतं. त्यातलं अखेर काय उरलं हे फक्त लेखिकेला ठाऊक असतं. माझ्या मते सारांशावर कादंबरी न पेलण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. सारांश करायचाच असेल तर तो चॅटवरून करू नये, पक्क्या झालेल्या प्रकरणांवरून करावा.

तिसरं ठिकाण म्हणजे कुणाला काय माहीत आहे. तेराव्या प्रकरणात सुलोचना घरखर्चासाठी पाटल्या गहाण ठेवते. इंदूआत्यांना ते माहीत आहे. पांडुरंगला अठराव्या प्रकरणात कळणार आहे आणि अख्ख्या कादंबरीतलं सर्वांत मोठं भांडण तिथे होणार आहे. सारांशात लिहिलं होतं, ‘सुलोचना पाटल्या गहाण ठेवते.’ सतराव्या प्रकरणाच्या खर्ड्यात पांडुरंग सहज बोलून गेला, ‘तुझ्या पाटल्या सोडवायच्यात अजून.’ कथेत घडलेली गोष्ट सगळ्या पात्रांना कळली असंच सारांश वाचून वाटतं, आणि मॉडेलही तसंच धरून चाललं.

यानंतर वसुधाने खऱ्या स्टोरी बायबलची वही घातली. तिच्यात प्रकरणवार काहीच नव्हतं. पात्रवार, जागावार आणि तारीखवार नोंदी होत्या. दूरचित्रवाणी मालिकांचे लेखक अशीच एक फाइल ठेवतात, कारण तिथे वेगवेगळे भाग वेगवेगळे लोक लिहितात आणि मागच्या भागातलं घर पुढच्या भागात दुसऱ्या मजल्यावर जाऊन चालत नाही. वसुधाची सुलोचनाची नोंद अशी होती:

सुलोचना पांडुरंग तावडे. जन्म १९४४. माहेर राजापूर. उजव्या भुवईवर व्रण. हिशेब बोटांच्या पेरांवर करते.
पांडुरंगला ‘अहो’ म्हणते, तो तिला ‘अगं’. दिगंबर तिला ‘आई’ आणि ‘तू’ म्हणतो, वडिलांना ‘बाबा’ आणि ‘तुम्ही’. इंदूआत्यांना ती ‘आत्या’ आणि ‘तुम्ही’ म्हणते, त्या तिला ‘सुले’.
पाटल्या गहाण (प्र. १३). माहीत: इंदूआत्या. माहीत नाही: पांडुरंग, दिगंबर (प्र. १८पर्यंत).
कधीच करत नाही: चारचौघांत नवऱ्याला उलट उत्तर.

यात दुसरी ओळ मला फार मोलाची वाटते. मराठीत कोण कुणाला तू म्हणतं आणि कुणाला तुम्ही, यावर अख्खं नातं उभं असतं, आणि सारांशात ते कधीच उतरत नाही, कारण सारांशात कुणी कुणाशी बोलतच नाही. ही ओळ नसताना दिगंबर एका पानावर आईला ‘तू जेवलीस का’ विचारायचा आणि पुढच्या पानावर ‘तुम्ही आराम करा’ म्हणायचा. वयाऐवजी जन्मसाल लिहिण्यामागेही कारण आहे. वय प्रकरणागणिक बदलतं, जन्मसाल बदलत नाही. ‘कधीच करत नाही’ ही ओळही उपयोगी पडते, कारण काय टाळायचं ते मजकुरात लिहिलेलं नसेल तर मॉडेल ते ओळखू शकत नाही.

तारखांच्या पानावर पहिली नोंद होती: ‘१८ जानेवारी १९८२, संप सुरू. यानंतर पांडुरंग कामावर जात नाही. पाळी, भोंगा, पगाराचा दिवस हे फक्त आठवणीत.’ घटना सांगून ती थांबली नाही, त्या घटनेमुळे पुढच्या प्रत्येक प्रसंगाला काय बंधन पडतं तेही तिने लिहिलं. दुसऱ्या पाळीवरून घरी येणारा पांडुरंग त्यानंतर दिसला नाही.

मग सगळी वही दर वेळी चिकटवावी का? वसुधाने तसं केलं तेव्हा खर्डे पुन्हा घसरले. मॉडेलपुढे एका वेळी मावणाऱ्या मजकुराला मर्यादा असते, आणि देवनागरी मजकूर त्यात इंग्रजीपेक्षा साधारणपणे जास्त जागा खातो. मजकूर मर्यादेत बसला तरी लांबलचक मजकुराच्या मधल्या भागातले तपशील मॉडेलकडून अनेकदा दुर्लक्षित राहतात. म्हणून तिने वहीचे दोन भाग केले. एक पान कायमचं: सगळ्यांची नावं नेमक्या लेखनासह, संबोधनं आणि तारखा. बाकी नोंदी त्या-त्या प्रसंगापुरत्या. भजनाच्या प्रकरणाला पांडुरंगची पूर्ण नोंद लागते, गिरणी मालकाच्या बंगल्याची लागत नाही. तुमच्या साधनात एका प्रकल्पाच्या सगळ्या चॅटना एकच फाइल जोडायची सोय असेल तर कायमचं पान तिथे ठेवता येतं, फक्त ते बदलल्यावर जुनी प्रत काढून नवी घालायला हवी.

सारांशही तिने सोडला नाही, त्याचं काम आखडतं घेतलं. मागचा प्रसंग कुठे थांबला, कोण कुठे बसलंय, कोण कुणावर रागावलंय, एवढं चारपाच वाक्यांत ती स्वतः लिहिते. त्यासोबत मागच्या प्रकरणाची शेवटची दोन पक्की पानं जोडते. भाषेची चाल वहीतून कळत नाही. ‘सुलोचना तुटक बोलते’ असं लिहून जे साधत नाही ते तिचे चार खरे संवाद वाचून साधतं.

खर्डा आला की ती आधी गोष्ट वाचत नाही, नावं वाचते. प्रत्येक विशेषनामाखाली रेघ मारून ते कायमच्या पानाशी ताडून पाहते. पानावर नसलेलं नाव निघालं तर ते एक तर चुकीचं असतं किंवा नवं पात्र असतं, आणि नवं पात्र ठेवायचं असेल तर तेव्हाच त्याची नोंद होते. आडनावांचं लेखनही याच फेरीत तपासलं जातं, कारण तावडेचे तोडे झालेले नुसत्या वाचनात पटकन दिसत नाहीत.

वही आणि पक्कं प्रकरण यांत तफावत निघाली तर प्रकरण खरं मानायचं आणि वही दुरुस्त करायची, असा तिचा नियम आहे. नवव्या प्रकरणात दिगंबर दिवाळीत सतरावं संपवतो असं पक्क्या झालेल्या पानावर होतं, वहीत जन्म मे महिन्यात. तिने वहीतला मे खोडून ऑक्टोबर केला, बाजूला प्रकरणाचा आकडा टाकला आणि मे महिन्यातल्या वाढदिवसाचा उल्लेख आणखी कुठे आला आहे का ते हस्तलिखितात शोधलं. अकराव्या प्रकरणात एक सापडला.