मोशन रिटार्गेटिंग

एका सांगाड्यावर टिपलेले चलन दुसऱ्या, वेगळ्या मापाच्या किंवा वेगळ्या रचनेच्या सांगाड्यावर बसवण्याची संगणकीय अॅनिमेशनमधील प्रक्रिया. अभिनेत्याच्या हालचालींची मोशन कॅप्चर क्लिप बुटक्या, लांब हातांच्या किंवा मोठ्या डोक्याच्या पात्राला वापरताना ती करावी लागते.

या पद्धतीचा आरंभ बहुधा मायकेल ग्लायशर यांच्या 1998 मधील सिग्राफ या संगणकीय ग्राफिक्सच्या परिषदेतील निबंधापासून धरला जातो. काही जण तो आणखी मागे नेतात. विटकिन व कास यांनी 1988 मध्ये संपूर्ण हालचालीचे एकत्रित इष्टतमीकरण मांडले होते, तर हॉजिन्स व पोलार्ड यांनी 1997 मध्ये सिम्युलेशनमधील वर्तन नव्या पात्रांना जुळवून घेतले होते. मात्र टिपलेली क्लिप हाती असताना ती दुसऱ्या मापाच्या शरीरावर न्यायची, पण पाय जमिनीला आणि हात वस्तूला टेकलेलेच ठेवायचे, हा प्रश्न स्वतंत्रपणे ग्लायशर यांनी हाताळला. म्हणून पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. त्यांच्या पद्धतीत दोन्ही सांगाड्यांची रचना एकच असून फक्त हाडांची लांबी वेगळी होती. रचनाच वेगळी असेल तर मधला सांगाडा वापरण्याचा मार्ग मोन्झानी व सहकाऱ्यांनी 2000 मध्ये दाखवला.

प्रत्यक्ष कामात पहिला अडथळा हाडांच्या नावांचा असतो. मिक्सामो या तयार पात्रे आणि हालचाली पुरवणाऱ्या सेवेच्या सांगाड्यात डाव्या मांडीचे हाड `mixamorig:LeftUpLeg` आणि पोटरीचे `mixamorig:LeftLeg` असते. अनरियल या गेम इंजिनच्या मॅनेक्विन या नमुना पात्रामध्ये तीच अनुक्रमे `thigh_l` आणि `calf_l` होतात. नावातील साम्यावरून आपोआप जोडणी केली, तर `LeftLeg` म्हणजे अख्खा पाय असे समजून ते मांडीला जोडले जाण्याचा धोका असतो. तसे झाले की मांडी विचित्र हलते आणि गुडघा वाकत नाही. मिक्सामोच्या पाठीला तीन हाडे आहेत, तर अनरियल 5 च्या मॅनेक्विनच्या पाठीला पाच. त्यामुळे हाडाला हाड न जोडता साखळीला साखळी जोडतात आणि पाठीचा एकूण बाक पाच हाडांत वाटून देतात.

नावे जुळली तरी कोन जसेच्या तसे उतरवता येत नाहीत. मिक्सामोचा सांगाडा टी-पोझमध्ये, म्हणजे हात आडवे पसरून असतो. मॅनेक्विन ए-पोझमध्ये, म्हणजे हात तिरके खाली ठेवून असतो. समजा, क्लिपमध्ये हात आडव्या स्थितीपासून 75 अंश खाली आला आहे आणि लक्ष्य पात्राचा हात मुळातच 45 अंश खाली आहे. कोन तसाच दिला तर एकूण 120 अंश होतात आणि हात धडात घुसतो. म्हणून लक्ष्य पात्राला आधी टी-पोझमध्ये आणतात आणि मग प्रत्येक हाडाची वैश्विक अक्षांमधील दिशा अशी काढतात :

```
G_t = G_s · B_s⁻¹ · B_t
```

येथे G ही त्या फ्रेममधील दिशा, B ही जुळवलेल्या मूळ पोझमधील दिशा, s स्रोत आणि t लक्ष्य. हाडांचे स्थानिक अक्ष दोन्हीकडे वेगळे असले तरी या सूत्रात त्याचा अडसर राहत नाही. स्थानिक कोनच नकलले, तर गुडघा बाजूला वळतो. मूळ पोझचा दोष खांद्यांत आणि अक्षांचा दोष गुडघे-कोपरांत दिसतो, ही ओळख कामात फार उपयोगी पडते.

कोन उतरल्यावर उरतो तो कंबरेच्या विस्थापनाचा प्रश्न. अभिनेत्याचा पाय कंबरेच्या सांध्यापासून घोट्यापर्यंत 84 सेंमी आणि पात्राचा 56 सेंमी असेल, तर गुणोत्तर दोन-तृतीयांश येते. त्याच कोनांत 72 सेंमीचे पाऊल 48 सेंमीचे होते. कंबर मात्र 72 सेंमीच पुढे नेली, तर दर पावलाला पाय जमिनीवरून 24 सेंमी घसरतो. म्हणून कंबरेची वाटचालही त्याच गुणोत्तराने कमी करतात. वेळ तोच असल्याने पात्र हळू चालते, आणि वेग पूर्ववत हवा असेल तर क्लिप दीडपट वेगाने चालवावी लागते. उंचीचा हिशोब थोडा वेगळा. अभिनेत्याचा घोटा जमिनीपासून 8 सेंमीवर असेल तर कंबरेचा सांधा 92 सेंमीवर. त्याचे दोन-तृतीयांश साधारण 61.3. पात्राचा घोटा 6 सेंमीवर असेल तर उंची हवी 62. एवढ्या फरकानेही तळवा किंचित जमिनीत रुततो, म्हणून घोट्याची उंची वगळून गुणोत्तर लावतात आणि मग ती मिळवतात.

उरलेली घसरण काढण्यासाठी, पाऊल जमिनीजवळ आणि जवळपास स्थिर असलेले फ्रेम शोधून घोटा तेथे बांधतात आणि इन्व्हर्स किनेमॅटिक्सने, म्हणजे टोकाच्या स्थानावरून मधल्या सांध्यांचे कोन काढण्याच्या रीतीने, गुडघ्याचा बाक ठरवतात. बांधलेला बिंदू पायाच्या आवाक्याबाहेर गेला की गुडघा झटक्याने सरळ होतो. तेव्हा कंबर किंचित खाली घेतात. कोव्हार, श्राइनर व ग्लायशर यांनी 2002 मध्ये पायाची लांबीच अल्पशी बदलू देण्याचा उपाय सुचवला. पडद्यावर तो सहसा जाणवत नाही.

हातांच्या बाबतीत असा सर्वसाधारण नियम नाही. कोन जपले तर हावभाव टिकतो, पण कमरेवर ठेवलेला हात रुंद पात्राच्या पोटात शिरतो. हाताचे स्थान जपले तर स्पर्श टिकतो, पण कोपराचा बाक बदलतो. प्रत्येक स्पर्शाच्या वेळी कशाला प्राधान्य द्यायचे हे अॅनिमेटर ठरवतो.